दोष फाइलचा की संगणकाचा?

व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर फुकट मिळतो, मराठी उपशीर्षकांपासून जुन्या लग्नाच्या सीडीपर्यंत सगळे काही चालवतो आणि म्हणून नवा संगणक घरात आला की पहिल्या दोन-चार डाउनलोडमध्ये त्याचा नंबर लागतो. त्याची विंडोजसाठीची सेटअप फाइल सुमारे ४० एमबीची असते. ती उतरते, तिच्यावर दोनदा क्लिक केले जाते, आणि कधीकधी प्लेअरऐवजी पुढचा मजकूर समोर येतो:

```
Installer integrity check has failed.
Common causes include incomplete download
and damaged media. Contact the installer's
author to obtain a new copy.
```

फाइलची तपासणी फसली, डाउनलोड अर्धवट झाले असेल किंवा ज्यावर फाइल ठेवली ते साधन बिघडले असेल, नवी प्रत मिळवा, असा त्याचा अर्थ. बहुतेक जण हा सल्ला पाळतात आणि पुन्हा डाउनलोड करतात. अनेकदा तेवढ्याने भागतेही. पण दुसऱ्या प्रतीवरही तोच मजकूर आला, तर तिसरी उतरवायची, की नेट बदलायचे, की संगणक दुकानात न्यायचा? संदेशात याचे उत्तर नाही, कारण तो दाखवणाऱ्या सेटअपलाच ते ठाऊक नसते. बिघाड फाइलमध्ये आहे की ती वाचणाऱ्या संगणकात, हे ठरवायला सेटअपच्या बाहेरचा साक्षीदार लागतो. चेकसम हा तो साक्षीदार आहे.

आधी हा संदेश येतो कुठून ते पाहू, कारण त्यातच पहिला धागा सापडतो. व्हीएलसीसह असंख्य प्रोग्रॅमची विंडोजवरची सेटअप फाइल एनएसआयएस नावाच्या साधनाने बांधलेली असते. विनॅम्प हा गाण्यांचा प्लेअर बनवणाऱ्या नलसॉफ्ट या कंपनीत ते जन्मले. एनएसआयएसने बांधलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक छोटा चालता प्रोग्रॅम असतो, त्याच्यामागे खरा माल दाबून भरलेला असतो आणि त्यासोबत एक लहानसा तपासणी-आकडा असतो. क्लिक केल्यावर सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, फाइल वाचून सीआरसी-३२ या पद्धतीने आकडा नव्याने काढतो आणि आत लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले नाहीत की वरचा संदेश.

म्हणजे हा संदेश दिसला याचाच अर्थ फाइलचे तोंड शाबूत आहे. तो छोटा प्रोग्रॅम चालला म्हणून तर बोलला. बिघाड त्याच्या मागे कुठेतरी आहे: शेपूट तुटले आहे किंवा मधले काही बदलले आहे. याउलट सेटअपने तोंडच उघडले नाही आणि विंडोजनेच `This app can't run on your PC` असे सांगितले, तर प्रकरण वेगळे असू शकते. हॉटेल, रेल्वे स्थानक किंवा कॉलेजच्या वायफायवर लॉगिन न करता डाउनलोड केले की काही वेळा फाइलऐवजी लॉगिनचे पानच `.exe` नावाने जतन होते. अशी फाइल काही केबींची असते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्याच ओळीत `<!DOCTYPE html>` दिसते. विंडोजच्या खऱ्या प्रोग्रॅम-फाइलची सुरुवात नेहमी `MZ` या दोन अक्षरांनी होते. मायक्रोसॉफ्टचे अभियंता मार्क झ्बिकोव्स्की यांच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. तेव्हा कोणता संदेश आला यापेक्षा तो कोणी दिला, सेटअपने की विंडोजने, हे आधी पाहावे.

आता सेटअपच्या तपासणीत एवढे सगळे असताना बाहेरचा आकडा कशाला हवा? दोन कारणांसाठी. सीआरसी-३२ हा आकडा अवघ्या ३२ बिटांचा, म्हणजे तो सुमारे ४२९ कोटी किमती घेऊ शकतो. अपघाताने झालेला बिघाड पकडायला एवढे पुरते. पण मुद्दाम फाइल बदलणारा माणूस आकडा जुळवून घेऊ शकतो, आणि त्याला तेवढे कष्टही नकोत, कारण आकडा फाइलच्या आतच आहे. पार्सलच्या आत ठेवलेल्या मालाच्या यादीसारखे हे आहे: माल बदलणारा यादीही बदलतो. दुसरे कारण अधिक रोजचे. सेटअप स्वतःला तपासतो तेव्हा तोच संगणक, तीच मेमरी, तोच अँटिव्हायरस मध्ये असतो. तपासणी फसली तर दोष कोणाचा हे आतून कळत नाही.

बाहेरचा आकडा प्रोग्रॅम बनवणारेच प्रसिद्ध करतात. आज तो बहुतेक ठिकाणी एसएचए-२५६ या पद्धतीचा असतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ही पद्धत २००२ मध्ये प्रमाणित केली. फाइल दोन केबींची असो की दोन जीबींची, तिच्यातून २५६ बिटांचा एकच आकडा निघतो आणि तो ६४ अक्षरांत लिहितात: ० ते ९ हे अंक आणि a ते f ही अक्षरे. फाइलमधला एकच बिट बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. हे समजायला `hello` हा पाच अक्षरांचा शब्द पुरेसा आहे. तो आधी सगळा लहान लिपीत लिहू, मग पहिले अक्षर मोठे करू. संगणकाच्या नोंदीत लहान h आणि मोठा H यांत फक्त एका बिटाचा फरक असतो. पण चेकसम असे येतात:

```
hello
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824

Hello
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

चाळीस बिटांतला एक बदलला, आणि दोन ओळींत नाते असल्याची कसलीही खूण उरली नाही. म्हणून ४० एमबीच्या फाइलमध्ये एकच बिट बिघडला तरी तो लपत नाही. आणि म्हणूनच चेकसम 'जवळपास जुळला' असे कधी होत नाही. तो जुळतो किंवा जुळत नाही. बिघाड किती मोठा आहे किंवा फाइलमध्ये कुठे आहे, हेही तो सांगत नाही.

आकडा काढायला विंडोजवर नवे काही बसवावे लागत नाही. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघडावा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत `cmd` टाइप करून एंटर दाबावे. काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. उदाहरणार्थ व्हीएलसीची ३.०.२० ही आवृत्ती असेल तर तिथे पुढची आज्ञा द्यावी:

```
certutil -hashfile vlc-3.0.20-win64.exe SHA256
```

दोन-तीन सेकंदांत ६४ अक्षरांची ओळ येते. मॅकवर `shasum -a 256` आणि लिनक्सवर `sha256sum` या आज्ञेपुढे फाइलचे नाव लिहिले की तेच काम होते. ज्यांना काळ्या खिडकीत जायचे नाही आणि ज्यांच्याकडे सेव्हन-झिप आहे, त्यांनी फाइलवर उजवी क्लिक करून `CRC SHA` या ओळीतून `SHA-256` निवडावे. तुलनेसाठीचा आकडा व्हीएलसीच्या अधिकृत डाउनलोड पानावर मिळतो. आवृत्त्यांच्या फोल्डरमध्ये सेटअपच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी `.sha256` असलेली छोटी मजकूर-फाइलही ठेवलेली असते.

चौसष्ट अक्षरे डोळ्यांनी ताडून पाहायची नसतात. माणूस पहिली चार आणि शेवटची चार पाहतो आणि मान डोलावतो. विंडोजच्या पॉवरशेलकडून हे काम करून घ्यावे. खालच्या ओळीत तीन टिंबांच्या जागी प्रसिद्ध झालेला आकडा चिकटवायचा:

```
(Get-FileHash .\vlc-3.0.20-win64.exe).Hash -eq "..."
```

उत्तर `True` किंवा `False` असे एका शब्दात मिळते. पॉवरशेल आकडा मोठ्या लिपीत देतो आणि संकेतस्थळावर तो लहान लिपीत असतो, पण ही तुलना तो फरक मानत नाही. चिकटवताना मागे-पुढे मोकळी जागा राहिली तर मात्र उत्तर `False` येते.

`False` दिसताच फाइल खराब ठरवण्याची घाई करू नये. सगळ्यात आधी अक्षरे मोजावीत. `certutil`च्या आज्ञेत शेवटचा `SHA256` हा शब्द राहिला, तर ते सहसा जुन्या एसएचए-१ पद्धतीचा आकडा देते. तो ४० अक्षरांचा असतो, एमडी५ चा ३२ आणि एसएचए-५१२ चा १२८. लांबीच वेगळी असेल तर दोन वेगळ्या पद्धतींची तुलना चालली आहे. लांबी तीच असेल तर फाइलचे नाव पाहावे. `win32` आणि `win64` या दोन वेगळ्या फाइली आहेत, आणि ३.०.२० ची फाइल ३.०.२१ च्या आकड्याशी जुळणार नाही. डाउनलोडच्या पानावर नेहमी ताज्या आवृत्तीचा आकडा असतो, तर हातातली फाइल मागच्या महिन्याची असू शकते. जुळत नाही अशा तक्रारींमध्ये ही चूक अगदी सहज होते.

एक आकडा मात्र पाहताक्षणी ओळखू यावा. आलेली ओळ `e3b0c442` ने सुरू होऊन `7852b855` ने संपत असेल, तर ती रिकाम्या फाइलची आहे. शून्य बाइटच्या कोणत्याही फाइलचा एसएचए-२५६ जगभर हाच येतो. नाव आहे, चिन्ह आहे, आत काही नाही: डाउनलोड सुरूच झाले नव्हते.

हे सगळे तपासूनही आकडा जुळला नाही, तर दोष फाइलमध्ये आहे हे पक्के. आता आकारमान पाहावे. फाइलवर उजवी क्लिक, `Properties`, आणि तिथली `Size` ही ओळ, बाइटमध्ये. खालची `Size on disk` सोडून द्यावी, ती डिस्कच्या कप्प्यांनुसार वाढलेली असते. आकारमान अधिकृत आकड्यापेक्षा कमी असेल तर डाउनलोड मध्येच तुटले आहे, आणि व्यवहारात हेच सर्वाधिक घडते. क्रोम अपुऱ्या फाइलीला `.crdownload` असे शेपूट लावतो, फायरफॉक्स `.part`. ते शेपूट पुसून `.exe` केले म्हणजे फाइल पुरी होत नाही, तरी घाईत असे करणारे असतातच. अशा फाइलचे तोंड बरोबर असते, शेपूट नसते, आणि एनएसआयएस नेमका तोच संदेश देतो.

आकारमान बरोबर पण आकडा चुकीचा, ही अवस्था विचार करायला लावणारी आहे. फाइलमध्ये बाइट तितकेच आहेत, पण काही बदलले आहेत. इंटरनेटच्या टीसीपी या वाहतूक-नियमात प्रत्येक तुकड्याबरोबर १६ बिटांचा तपासणी-आकडा जातो. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० मध्ये खऱ्या वाहतुकीची नोंद तपासून दाखवले की, जागेनुसार ११०० ते ३२००० तुकड्यांमागे एक तुकडा त्या तपासणीत नापास होतो. कारणेही साधी होती: यंत्रांच्या मेमरीतले आणि सॉफ्टवेअरमधले दोष. आता बहुतेक डाउनलोड एचटीटीपीएसवरून होतात आणि तिथे वाटेतला बदल लगेच पकडला जातो, त्यामुळे तारेवर बिघडलेली फाइल विरळ झाली आहे. म्हणून आज आकारमान बरोबर असूनही आकडा चुकला, तर संशय पुढच्या टप्प्यांवर घ्यावा: अर्धे डाउनलोड जुन्या फाइलचे आणि उरलेले दुसऱ्या फाइलचे जोडणारा डाउनलोड मॅनेजर, खराब पेन ड्राइव्ह, आपल्या संगणकाची मेमरी. किंवा मुद्दाम केलेला बदल, ज्याकडे पुढे येऊच.

पेन ड्राइव्हचे प्रकरण आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहे, कारण शाळेच्या संगणककक्षात किंवा डीटीपीच्या दुकानात एकदा उतरवलेली सेटअप फाइल पेन ड्राइव्हवरून सगळ्या संगणकांवर फिरते. असे समजू की तालुक्याच्या एका शाळेत शिक्षिकेने घरी व्हीएलसी उतरवला, पेन ड्राइव्हवर घेतला, आणि कक्षातल्या पहिल्या तीन संगणकांवर तो नीट बसला. चौथ्यावर 'तपासणी फसली'. पाचव्यावरही तेच. आता पहिली गोष्ट म्हणजे पुन्हा डाउनलोड करायचे नाही, कारण पुरावाच नाहीसा होईल. घरच्या संगणकावरच्या मूळ फाइलचा आकडा काढायचा. तो अधिकृत आकड्याशी जुळतो. म्हणजे डाउनलोड निर्दोष होते. मग पेन ड्राइव्हवरच्या प्रतीचा आकडा, पण पेन ड्राइव्ह एकदा काढून पुन्हा लावून. हे महत्त्वाचे आहे, कारण नुकतीच लिहिलेली फाइल विंडोज मेमरीतूनच परत वाचून दाखवू शकतो आणि पेन ड्राइव्हवर प्रत्यक्ष काय उतरले ते कळत नाही. हा आकडा जुळत नाही.

पहिल्या तीन संगणकांवर तर याच प्रतीने काम केले होते. तेव्हा ती चांगली होती आणि तिसऱ्या व चौथ्या संगणकाच्या मध्ये बदलली. आकारमान पाहिले तर फाइल काही केबींनी वाढलेली आहे. वाढलेली फाइल ही अर्धवट डाउनलोडची खूण नव्हे. ती `.exe` फाइलींना स्वतःला चिकटवून घेणाऱ्या व्हायरसची खूण आहे. सॅलिटी हा अशा व्हायरसांपैकी एक प्रसिद्ध नमुना, २००३ पासून ज्ञात, आणि पेन ड्राइव्हवरून पसरण्यात पटाईत. तो सेटअप फाइलमध्ये शिरतो, फाइल बदलते, एनएसआयएसचा आतला आकडा चुकतो आणि सेटअप थांबतो. एनएसआयएसच्या जाणकारांना हे कारण चांगले ठाऊक आहे. या शाळेत तिसऱ्या संगणकावर व्हायरस आहे, आणि चौथ्या-पाचव्यात पेन ड्राइव्ह लावून फाइल चालवल्यामुळे तेही तपासावे लागतील. नुसती नवी प्रत आणली असती, तर तीही तिसऱ्या संगणकाला लागताच बिघडली असती. उपाय म्हणजे नवी प्रत अशा माध्यमावर न्यायची ज्यावर लिहिता येत नाही, जसे सीडी किंवा लिहिणे बंद करण्याची कळ असलेले कार्ड, आणि ते तिन्ही संगणक अँटिव्हायरसने साफ होईपर्यंत कामातून काढायचे.

आता उलटी बाजू: आकडा जुळतो, तरी सेटअप म्हणतो फाइल खराब. इथे चेकसमने सगळ्यात मोठे काम केलेले असते. फाइल निर्दोष आहे, पुन्हा डाउनलोड करण्यात अर्थ नाही, शोध संगणकात घ्यायचा. आधी संगणक बंद करून चालू करावा आणि त्याच फाइलचा आकडा पुन्हा काढावा. बंद-चालू यासाठी की एकदा वाचलेली फाइल विंडोज मेमरीत साठवून ठेवतो आणि दुसऱ्यांदा तिथूनच देतो. त्याच फाइलचे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे आकडे आले, तर ती मेमरीच्या किंवा डिस्कच्या बिघाडाची जवळजवळ खात्रीची खूण आहे, कारण न बदललेल्या फाइलचा आकडा कधी बदलत नाही. मग `mdsched.exe` हे विंडोजमधलेच मेमरी तपासण्याचे साधन चालवावे. मेमरीची पट्टी सैल बसल्यानेही असे होते. पट्टी काढून, तिचे सोनेरी टोक पुसून नीट बसवल्यावर सुधारलेले संगणक दुरुस्तीवाल्यांच्या चांगल्या परिचयाचे असतात.

आकडा दरवेळी तोच येतो आणि तरीही अडते, तर सी ड्राइव्हवर जागा आहे का ते पाहावे आणि अँटिव्हायरस मध्ये पडतो आहे का ते त्याच्या नोंदीत शोधावे. एनएसआयएसच्या सेटअपला `/NCRC` असा शब्द जोडून चालवले तर तपासणी वगळता येते, आणि काही जण हा उपाय म्हणून सुचवतात. तो उपाय नाही. आकडा जुळत नसताना तो वापरणे म्हणजे खराब किंवा व्हायरस लागलेली फाइल जाणूनबुजून बसवणे.

आतापर्यंत एक गोष्ट गृहीत धरली: प्रसिद्ध झालेला आकडा खरा आहे. तो येतो कुठून, यावर सगळे अवलंबून आहे. व्हीएलसीचे डाउनलोड मुख्य सर्व्हरवरून क्वचितच येते. बटण दाबले की ते जगभर पसरलेल्या अनेक आरसा-सर्व्हरपैकी जवळच्या एकाकडे वळवले जाते. हे सर्व्हर विद्यापीठे आणि इंटरनेट कंपन्या चालवतात, पॅरिसमधली व्हिडिओलॅन संस्था नाही. म्हणून फाइल दुसऱ्याकडून आली तरी आकडा संस्थेच्या स्वतःच्या पानावरून घ्यायचा असतो. फाइलची वाट आणि आकड्याची वाट वेगळी असणे, यातच चेकसमची ताकद आहे. फाइल पेन ड्राइव्हने मित्राकडून आली काय किंवा अनोळखी साइटवरून आली काय, आकडा विश्वासू ठिकाणचा असेल आणि जुळला असेल, तर फाइल अस्सल आहे.

भारतातल्या वाचकांना याचा प्रत्यय २०२२ मध्ये येऊ शकत होता. त्या वर्षी सरकारी आदेशाने व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ देशात अनेक महिने बंद होते. व्हिडिओलॅन आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या काळात ज्याला व्हीएलसी हवा होता त्याच्यापुढे तिऱ्हाईत साइट हाच सोपा मार्ग उरला होता. आणि आकड्याचे अधिकृत पानही त्याच बंद साइटवर होते. तेव्हा परदेशातल्या एखाद्या नातलगाने ती ६४ अक्षरे फोनवर पाठवली असती, तरी तेवढ्याने तिऱ्हाईत फाइलची खात्री करता आली असती.

दोन्ही वाटा एक झाल्या की काय होते, याची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. मे २०१७ मध्ये मॅकवरच्या हँडब्रेक या व्हिडिओ-प्रोग्रॅमच्या दोनपैकी एका डाउनलोड सर्व्हरवर हल्लेखोर शिरले. २ ते ६ मे या काळात त्यांनी १.०.७ आवृत्तीची फाइल बदलून तिच्यात प्रोटॉन नावाचे हेरगिरीचे सॉफ्टवेअर घातले. मुख्य संकेतस्थळ आणि दुसरा सर्व्हर शाबूत होते. त्या दिवसांत ज्यांनी डाउनलोड केले त्यांना बाधित फाइल मिळण्याची शक्यता निम्मी होती, असे हँडब्रेकनेच जाहीर केले आणि आकडा तपासायला सांगितले. याउलट २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटचे संकेतस्थळच फोडले गेले आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीची लिंक मागचे दार ठेवलेल्या फाइलकडे वळवली गेली. हल्लेखोराने नंतर एका पत्रकाराला सांगितले की पानावरचा चेकसमही त्याने बदलला होता. ज्याने त्या दिवशी त्याच पानावरून फाइल आणि आकडा दोन्ही घेतले, त्याला जुळलेल्या आकड्याचा काहीच उपयोग नव्हता.

आणि एक मर्यादा अशी, जी कोणताही आकडा ओलांडू शकत नाही. २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीसीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत दुष्ट कोड सापडला. तो कंपनीच्या आतच, फाइल बांधताना शिरला होता आणि फाइलवर कंपनीची खरी डिजिटल सही होती. अधिकृत फाइलच बाधित, म्हणून तिचा आकडाही अर्थातच जुळला असता. चेकसम एवढेच सांगतो की हातातली फाइल प्रसिद्ध करणाऱ्याने मोजलेल्या फाइलशी बाइटागणिक एकच आहे. ती चांगली आहे, हे तो सांगत नाही.

जुन्या पानांवर अजून एमडी५ चा आकडा दिसतो. अर्धवट डाउनलोड पकडायला तो आजही चालतो. पण चिनी गणितज्ञ शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या नोंदी तयार करून दाखवल्या, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एसएचए-१ चेही तेच केले. पानावर दोन-तीन प्रकारचे आकडे असतील तर एसएचए-२५६ चाच घ्यावा.

आकडा प्रसिद्धच केलेला नसेल तर? मग फाइलवर उजवी क्लिक करून `Properties` मध्ये `Digital Signatures` हे पान आहे का ते पाहावे. तिथे बनवणाऱ्याचे नाव आणि सही वैध असल्याची नोंद असेल, तर सहीनंतर फाइल बदललेली नाही. सहीही नसेल तर एक प्रत घरच्या वायफायवरून आणि दुसरी मोबाइलच्या डेटावरून उतरवून दोन्हींचे आकडे ताडावेत. ते जुळले तर निदान डाउनलोड तुटलेले नाही एवढे कळते. फाइल अस्सल आहे का, हे मात्र यातून ठरत नाही.

म्हणून शेवटची विनंती वापरणाऱ्यांना नाही, वाटणाऱ्यांना आहे. मराठी टंकलेखनाचे प्रोग्रॅम, फॉन्ट, शाळांसाठीची सॉफ्टवेअर पॅकेजे जे कोणी आपल्या साइटवरून किंवा पेन ड्राइव्हवरून देतात, त्यांनी सेटअपच्या शेजारी तिच्या एसएचए-२५६ ची एक ओळ द्यावी, आणि तीच ओळ आपल्या दुसऱ्या एखाद्या अधिकृत ठिकाणीही लिहून ठेवावी. एक आज्ञा आणि एक मिनिट, एवढाच त्याचा खर्च आहे.